क्लोजिंगला टाकलेला माल

"नाना, नमस्कार. मी ३२ वर्षांचा, कीटकनाशकांच्या कंपनीत चोपडा-यावल टेरिटरी बघतो. पगार हातात ३२ हजार. जुलै-सप्टेंबरचं टार्गेट ६० लाख होतं, २६ सप्टेंबरला मी ५१ वर होतो. रोज रात्री नऊला ग्रुपवर ४६ जणांची रँकिंग पडते, खालची पाच नावं लाल रंगात. त्यात मी होतो. साहेब म्हणाले, काहीही कर पण शंभर टक्के कर. मग तिमाहीच्या क्लोजिंगला तिघा डीलरांकडे ९ लाखांचा माल टाकला. ३ टक्के जादा सवलतीची स्कीम तोंडी कबूल केली, साहेब फोनवर 'बघून घेऊ' म्हणाले होते. एकाचं कलेक्शन कमी पडत होतं, तिथे ४० हजार स्वतःचे भरले. दिवाळीच्या पगारात ६० हजार इन्सेन्टिव्ह आला, तो खर्चही झाला. आता ७ लाखांचा माल पडून आहे आणि तिघेही 'उचल' म्हणतात. डिसेंबरअखेरचं टार्गेट ४५ लाख. ग्रुपची रिंग वाजली की छातीत धडधडतं, पहाटे तीनला जाग येते. बायकोला काही माहीत नाही. कधी कधी वाटतं, नकोच हे सगळं. काय करू?"

भाऊ,

हिशेबाचं नंतर बोलू. आधी 'नकोच हे सगळं' याबद्दल. नोकरी नको की जगणंच नको, हे स्वतःला स्पष्ट शब्दांत विचारा. दुसरं असेल, एखाद्या रात्री जरी तसं वाटलं असेल, तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आजच बायकोला किंवा भावाला सांगा. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे. तो फुकट आहे, रात्री तीनलाही लागतो आणि मराठीत बोलता येतं. आणखी एक काम उत्तर काहीही असलं तरी करा. आपल्या धंद्यात प्रत्येकाच्या गाडीच्या डिकीत आणि घराच्या माळ्यावर औषधाचे नमुने पडलेले असतात. ते सगळे आजच्या आज एखाद्या डीलरच्या गोडाऊनला नेऊन ठेवा. असा विचार जोरात येतो तेव्हा तो बहुतेक वेळा थोड्या वेळात ओसरतो, आणि त्या थोड्या वेळात हाताशी काय आहे यावर फार काही अवलंबून असतं. घरात लहान पोरं असतील तर त्यांच्यासाठीही ते नमुने घरात नसलेलेच बरे.

धडधडीसाठी एकदा ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. ती टेन्शनचीच आहे असं गृहीत धरू नका. दोन्ही ठीक निघालं आणि तरी झोप येत नसेल, तर जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे केसपेपर काढा. डॉक्टरांना 'झोप येत नाही' एवढंच सांगू नका, टार्गेटचं आणि उधारीचंही सांगा.

आता माल. मी याच धंद्यात, खानदेशातल्या याच तीन जिल्ह्यांत बरीच वर्षं काढली आहेत. तुमच्या छातीवरचं ओझं मला रँकिंगचं कमी आणि गोडाऊनमधल्या त्या ७ लाखांचं जास्त वाटतं. रँकिंग दर महिन्याला नवी सुरू होते, टाकलेला माल मात्र तिथेच असतो. म्हणून आधी तो मोजा.

उद्या वही घेऊन तिन्ही गोडाऊनला जा. डीलरच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका, स्वतः खोके मोजा. टेप न फुटलेलं आणि ट्रान्सपोर्टची चिठ्ठी अजून चिकटलेली असलेलं खोकं म्हणजे तुमचा क्लोजिंगचा माल, हात न लागलेला. फुटलेल्या खोक्यातून किती बाटल्या गेल्या ते वेगळं लिहा. प्रत्येक ओळीत औषधाचं नाव, पॅकिंग, नग, बॅच नंबर, एक्स्पायरी आणि बिलाची रक्कम हवी. खाली डीलरची सही आणि तारीख घ्या. हे काम एका दिवसात होतं. ते झालं की रात्री तीनला डोळ्यासमोर येणारा सात लाखांचा डोंगर कागदाच्या दोन पानांवर येतो.

मग त्या यादीचे हंगामाप्रमाणे भाग पाडा. तुमच्याकडे नेमकं काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून तुमच्या पट्ट्यात सप्टेंबरअखेर साधारण काय टाकलं जातं त्यावरून मांडून दाखवतो. समजा दीड लाखाचं मक्याचं तणनाशक आहे. रब्बी मका आत्ताच पेरला जातोय आणि उगवणीनंतर पंधरा-वीस दिवसांत फवारायचं तणनाशक याच महिन्यात जाणार. तो माल मेलेला नाही, तो फक्त लवकर आला. समजा अडीच लाखांचं इमामेक्टिन आहे, जे तुम्ही कपाशीच्या बोंडअळीसाठी म्हणून टाकलं. कपाशी आता वेचणीला आली, तिथे ते जाणार नाही. पण डिसेंबरात हरभऱ्यावर घाटेअळी येते तेव्हा हेच औषध चालतं. तुमच्या पॅकिंगच्या लेबलवर हरभरा छापलेला आहे का ते आधी पाहा. असेल तर तोही माल जाईल, नसेल तर शेतकऱ्याला सांगू नका. उरलेलं समजा तीन लाखांचं पांढरी माशी आणि तुडतुड्यांचं, निव्वळ कपाशीवरचं. त्याला पुढच्या जुलैपर्यंत गिऱ्हाईक नाही. ते परत घ्यायचं, आणि आत्ताच घ्यायचं.

आत्ताच का, ते आकड्यांत बघा. तुमच्या कंपनीत ९० टक्क्यांपासून इन्सेन्टिव्ह सुरू होत असेल, तर ६० लाखांचे ९० टक्के म्हणजे ५४ लाख. सातही लाख परत आले तर तुमची खरी विक्री ५३ लाख, म्हणजे ८८ टक्के. रिटर्न वजा करून फेरहिशेब झाला की ६० हजारच्या ६० हजार परत मागितले जातील. तीनच लाख परत आले तर विक्री ५७ लाखांवर, म्हणजे ९५ टक्क्यांवर राहते. मग शंभर टक्क्यांचा टप्पा जातो, पण खालचा टप्पा शाबूत राहतो. समजा तो ३० हजारांचा असेल, तर परत द्यायचे ३० हजार. म्हणजे येत्या दीड महिन्यात तुमचं काम ४५ लाख गाठण्याचं नाही. ते चार लाख शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचवण्याचं आहे. हे काम तुम्हाला येतं. मक्याच्या गावांत सकाळी सातला शेतावर जा, डीलरच्या पोराला गाडीवर सोबत घ्या आणि त्याच्या दुकानातला माल त्याच्याच गिऱ्हाइकाला दाखवा. तुमचा फोन उचलायला का-कू करणारा डीलर त्याचा पडून असलेला माल हलताना दिसला की आपणहून चहा मागवतो.

यात एक कडू गोष्ट आहे. हे चार लाख जुन्या मालातून विकले गेले की डीलर ते नव्याने उचलणार नाही, आणि तीन लाखांचं रिटर्न या तिमाहीच्या बिलिंगमधूनही वजा होऊ शकतं. तसं झालं तर ४५ गाठायला तुम्हाला ४८ लाखांचं बिलिंग लागेल, आणि बाजार तेवढं ओढणार नाही. केळीवरच्या करप्याची बुरशीनाशकं धरून, रब्बी धरून, तुम्ही प्रामाणिकपणे ३८-३९ वर थांबाल असा माझा अंदाज आहे. म्हणजे ही तिमाही इन्सेन्टिव्हविना जाईल आणि काही रात्री तुमचं नाव लाल दिसेल. ती जाऊ द्या. पुन्हा नऊ लाख टाकून ती वाचवलीत, तर मार्चमध्ये अठरा टाकावे लागतील. हे माझ्यासमोर ज्यांनी केलं त्यांतले दोघे शेवटी स्वतःच्या नावावर सोनंतारण कर्ज काढून डीलरची खाती मिटवत होते.

साहेबांना हे आत्ता सांगा, डिसेंबरच्या २६ तारखेला नाही. फोनवर नको, लिहून. घाबरून माफी मागण्याचीही गरज नाही. असं काहीतरी लिहा:

'साहेब, सप्टेंबर क्लोजिंगला दिलेल्या ९ लाखांपैकी आज ७ लाखांचा माल तिघांकडे शिल्लक आहे, यादी सोबत जोडली आहे. ४ लाख या हंगामात लिक्विडेट करतो, आठवड्याचा प्लॅन सोबत आहे. ३ लाख कपाशीचा माल आहे, तो दुसऱ्या टेरिटरीत ट्रान्सफर किंवा रिटर्न करावा लागेल. त्यामुळे या तिमाहीत माझा अंदाज ३८ ते ३९ लाख आहे. २६ सप्टेंबरला आपल्या बोलण्याप्रमाणे डीलरांना ३ टक्के स्कीम सांगितली होती, ती विकल्या गेलेल्या मालापुरती मंजूर व्हावी.'

शेवटचं वाक्य गाळू नका. साहेबांचं 'बघून घेऊ' आत्तापर्यंत फक्त हवेत आहे, या मेसेजने ते तारखेसह कागदावर येतं. साहेबांनी नाकारलं तर तेही लिखित राहील. आणि डीलरांशी बोलताना आकडा नीट धरा. ३ टक्के ९ लाखांवर म्हणजे २७ हजार होतात, पण जो माल परत गेला त्यावर स्कीम कसली? सहा लाखांवर १८ हजार. कंपनीने दिलं नाहीच, तर हे तुमच्या अंगावर येणारं जास्तीत जास्त ओझं आहे, आणि तेही तिघांत विभागलेलं. डीलरने माल उतरवून घेताना काय म्हटलं असेल ते मला इथे बसून ऐकू येतंय: "माल उतारी दे, भाऊ; नही खपना ते लई जाजो." त्यालाही तेव्हाच माहीत होतं. तो तुमचा शत्रू नाही, पण क्लोजिंगच्या आठवड्यात तुमची नड त्याला तुमच्यापेक्षा नीट कळते.

ते ४० हजार मात्र वेगळं प्रकरण आहे, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. तुम्ही भरलेली रक्कम कंपनीच्या खात्यात डीलरच्या नावावर जमा झाली, म्हणजे त्याची थकबाकी ४० हजाराने कमी झाली. कंपनीच्या दृष्टीने तुमचे पैसे कुठेच नाहीत. उद्या डीलरशी वाजलं तर तुमच्याकडे फक्त बँकेची एक एंट्री आहे. म्हणून स्टॉक मोजायला जाल तेव्हाच त्याच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या, की अमुक तारखेला माझ्या खात्यात अमुक यांनी ४० हजार भरले, ते मी इतक्या हप्त्यांत परत करतो. हप्ते बँकेतून घ्या, रोख नको. असं पैसे भरणं बऱ्याच कंपन्यांच्या नियमात बसत नाही, त्यामुळे हेही साहेबांना तुम्हीच सांगा. ऑडिटला खातेउतारे जुळवताना ही एंट्री हमखास दिसते, आणि तेव्हा प्रश्न डीलरच्या उधारीवरून तुमच्या सचोटीवर येतो.

कंपनी पगारातून कापेल ही भीतीही तुमच्या मनात असणार. त्यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. इन्सेन्टिव्ह हा पॉलिसीच्या कागदावर चालतो. रिटर्न आलं तर परत घेऊ असं त्यात लिहिलं असेल, तर ते घेऊ शकतात. म्हणून ते पीडीएफ आज काढा आणि तीन गोष्टी शोधा: हिशेब बिलिंगवर आहे की रिटर्न वजा करून, रिटर्न किती दिवसांपर्यंत मागच्या तिमाहीत धरतात, आणि कलेक्शनची अट किती टक्के. बऱ्याच पोरांनी तो कागद कधी उघडलेला नसतो. मूळ पगाराचं तसं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत पगारातून काय कापता येतं याची यादीच आहे. तुमच्या ताब्यात दिलेल्या मालाचं किंवा पैशाचं नुकसान तुमच्या हलगर्जीने झालं तर कापता येतं, पण आधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्यावर जाता येत नाही. डीलरने बिल दिलं नाही म्हणून तुमचा पगार थांबवणं त्या यादीत बसत नाही. नोकरी सोडली तर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशेब द्यायचा, असंही त्यात आहे. कमिशन मात्र त्या कायद्याच्या वेतनाच्या व्याख्येतून वगळलेलं आहे, त्यामुळे राहिलेला इन्सेन्टिव्ह तितक्या सहज मागता येत नाही.

रँकिंगबद्दल एकच सांगतो, कारण ती तुम्ही थांबवू शकणार नाही. ग्रुप रात्री आठ ते सकाळी आठ म्यूट करा. नऊचा आकडा सकाळीही तोच असतो, फक्त मधली झोप वाचते. आणि ती यादी टक्केवारीची आहे हे विसरू नका. टक्का टार्गेटवर ठरतो, टार्गेट मागच्या वर्षाच्या बिलिंगवर, आणि मागच्या वर्षाच्या बिलिंगमध्ये तुमच्या आधीच्या माणसाने क्लोजिंगला टाकलेला माल असू शकतो. यावल-रावेरची बागायत आणि शिंदखेड्याची कोरडवाहू एकाच यादीत येते, तेव्हा यादी माणसांची दिसते, पण त्यात पाणीही मोजलं गेलेलं असतं. तुमच्या टेरिटरीची मागच्या दोन वर्षांची महिनावार विक्री आणि त्यातलं रिटर्न मागून घ्या. सप्टेंबर आणि मार्चमध्ये एकदम उंची आणि पुढच्या दोन महिन्यांत खड्डा दिसला, तर तुमचा पाया फुगवलेला आहे. फेब्रुवारीत नवी टार्गेटं ठरतात तेव्हा तोच कागद पुढे ठेवा. यंदाच्या ६० वर १५ टक्के वाढ धरली तर ६९ होतात, खऱ्या ५७ वर धरली तर साडेपासष्ट. म्हणूनही ते तीन लाख या वर्षीच परत जायला हवेत.

बायकोला सांगायचं आहे ते याच आठवड्यात सांगा, आणि स्टॉकची यादी झाल्यावर सांगा, म्हणजे तुमच्या हातात आकडा असेल. परत द्यायचा इन्सेन्टिव्ह ३० हजार, स्कीमचे वाईटात वाईट १८ हजार, म्हणजे ४८ हजार. डीलरकडून येणे ४० हजार, हप्त्यांनी. तिला खुपत असेल ते तुमचं गप्प राहणं, हा आकडा त्यापेक्षा लहान आहे. त्याच बैठकीत घरखर्च ३२ हजारांत बसवा. गाडीचा हप्ता, भिशी, शाळेची फी, जे काही इन्सेन्टिव्ह धरून सुरू केलं असेल ते एकेक करून बघा. आपल्या भागात कापसाचा पैसा हातात आल्याशिवाय शहाणा शेतकरी लग्नाची तारीख धरत नाही. इन्सेन्टिव्हही तसाच धरा, आणि तोही रिटर्नची मुदत उलटल्यावर.

साहेबांचं उत्तर काय येतं यावर पुढचं ठरेल. ओरडले, पण माल ट्रान्सफर करायला लागले, तर मार्चपर्यंत थांबा. असा साहेब वाईट नसतो, त्याच्याही डोक्यावर एक यादी असते. 'ते मला सांगू नको, डिसेंबरला पुन्हा टाक' असं उत्तर आलं, तर जानेवारीपासून दुसरीकडे अर्ज सुरू करा, पण हातात पत्र येईपर्यंत राजीनामा देऊ नका. मुलाखतीत पगाराआधी तीन प्रश्न विचारा. इन्सेन्टिव्ह बिलिंगवर आहे की डीलरकडून पुढे विकल्या गेलेल्या मालावर? या टेरिटरीत मागच्या वर्षी रिटर्न किती आलं? आणि माझ्या आधीचा माणूस किती महिने टिकला, तो का गेला? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर टाळलं, तर त्याच तालुक्यातल्या दोन कृषी सेवा केंद्रांत जाऊन विचारा. काउंटरवरचा माणूस पाच मिनिटांत सांगेल.

तुमचा,
नाना